कप्पा भरतो एक, विभागला जातो दुसराच: लिनिअर हॅशिंगमध्ये फाइल हळूहळू कशी वाढते?

डेटाबेसमध्ये लाखो नोंदी असतात आणि त्यातली नेमकी एक नोंद क्षणात शोधून द्यायची असते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या आणि भरवशाच्या पद्धतींपैकी एक म्हणजे हॅशिंग. नोंदीच्या क्रमांकावर एक छोटंसं गणित करायचं आणि जे उत्तर येईल त्या कप्प्यात नोंद ठेवायची. शोधताना पुन्हा तेच गणित करायचं आणि थेट त्या कप्प्यापाशी जायचं. बाकीची फाइल चाळायची गरज पडत नाही.

यातली खरी अडचण पुढे सुरू होते. नोंदी वाढत जातात आणि कप्पे अपुरे पडू लागतात. मग कप्पे वाढवायचे कसे? हे काम सगळी फाइल एका दमात न हलवता, आणि कुठला कप्पा कुठे आहे याची वेगळी यादी न ठेवता करता येतं, असं १९८० साली विटोल्ड लिटविन या संगणकशास्त्रज्ञाने दाखवलं. त्या वर्षी माँट्रियलमध्ये झालेल्या व्हीएलडीबी परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली. तिचं नाव लिनिअर हॅशिंग.

या पद्धतीत एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना चुकीचीच वाटते. जो कप्पा भरून वाहू लागलाय, त्याला तसंच ठेवून दुसराच कप्पा विभागला जातो. असं का, हे कळलं की लिनिअर हॅशिंग कळलं.

## आधी अडचण समजून घेऊ

समजा, फाइलमध्ये ४ कप्पे आहेत. त्यांचे क्रमांक ०, १, २ आणि ३. नोंदीच्या क्रमांकाला ४ ने भागायचं आणि जी बाकी उरेल तो तिचा कप्पा. ४४ ला ४ ने भागल्यावर बाकी ० येते, म्हणून ४४ कप्पा ० मध्ये. ९ ची बाकी १, म्हणून ९ कप्पा १ मध्ये.

(प्रत्यक्षात आधी हॅश फंक्शन नावाचं सूत्र नाव, ईमेल किंवा खाते क्रमांक यांपासून एक विस्कळीत दिसणारा आकडा तयार करतं आणि बाकी त्या आकड्याची काढली जाते. इथे सोपेपणासाठी थेट नोंदीचाच क्रमांक वापरला आहे.)

आता जागा कमी पडली म्हणून एक कप्पा वाढवला आणि ५ ने भागायला सुरुवात केली तर? ४४ ची बाकी आता ४ येते. ९ ची बाकीही ४ येते. २५ आधी कप्पा १ मध्ये होता, तो कप्पा ० मध्ये जातो. एकच कप्पा वाढला, पण जवळपास सगळ्याच नोंदींचे पत्ते बदलले.

त्याऐवजी कप्पे एकदम दुप्पट केले, म्हणजे ८ ने भागलं, तर चित्र जरा बरं दिसतं. ज्या क्रमांकाची ४ ने भागल्यावर बाकी १ आहे, त्याची ८ ने भागल्यावर बाकी एकतर १ असते किंवा ५. तिसरी शक्यताच नाही. म्हणजे प्रत्येक जुन्या कप्प्यातल्या नोंदींपैकी साधारण निम्म्या जागेवर राहतात आणि निम्म्या बरोबर ४ ने पुढच्या कप्प्यात जातात.

पण निम्म्या नोंदी हलवायच्या म्हटल्या तरी वाचाव्या सगळ्याच लागतात. एका फाइलमध्ये १०,४८,५७६ कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्पा ८ केबीच्या एका पानाएवढा आहे असं धरा. ही फाइल ८ जीबीची झाली. आता ज्या एका नोंदीमुळे दुप्पट करण्याची वेळ आली, ती भरणारा माणूस ८ जीबी डेटाची उलथापालथ होईपर्यंत ताटकळत बसणार. त्याच्या आधीच्या नोंदीला काही मिलिसेकंद लागले असतील, त्याच्या नंतरच्या नोंदीलाही तेवढेच लागतील. सगळा भार मात्र त्या एकावर.

## यादी ठेवण्याचा मार्ग

लिटविन यांच्या वर्षभर आधी, १९७९ साली, रोनाल्ड फेगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उत्तर दिलं होतं. त्याला एक्स्टेंडिबल हॅशिंग म्हणतात. त्यात कप्प्यांच्या वर एक यादी असते, तिला डिरेक्टरी म्हणतात. कुठल्या बाकीसाठी कुठलं पान उघडायचं हे त्या यादीत लिहिलेलं असतं. एखादा कप्पा भरला की फक्त तोच विभागायचा आणि यादीत तशी दुरुस्ती करायची.

ही पद्धत चांगली चालते, पण यादी सांभाळावी लागते. नोंद शोधताना आधी यादी पाहायची आणि मग पान उघडायचं. यादी मेमरीत मावली नाही तर डिस्कची एक जास्तीची फेरी पडते. शिवाय नोंदी एकाच बाजूला गर्दी करू लागल्या, तर एका कप्प्यापायी सगळी यादी दुप्पट करावी लागू शकते.

लिटविन यांनी यादीच काढून टाकली. त्यासाठी त्यांनी कप्पे विभागण्याचा क्रम आधीच ठरवून टाकला.

## स्प्लिट पॉइंटर: पाळी कोणाची?

लिनिअर हॅशिंगमध्ये स्प्लिट पॉइंटर नावाचा एक आकडा जपून ठेवलेला असतो. यानंतर कुठल्या कप्प्याची विभागणी करायची, एवढंच तो सांगतो. सुरुवातीला तो ० असतो. कप्पा ० विभागला की तो १ होतो, कप्पा १ विभागला की २. असं करत तो फेरीच्या सुरुवातीला असलेल्या शेवटच्या कप्प्यापर्यंत पोचतो. तोही विभागला गेला की कप्प्यांची संख्या दुप्पट झालेली असते. मग पॉइंटर पुन्हा ० वर येतो आणि नवी, दुप्पट लांबीची फेरी सुरू होते.

विभागणी कधी करायची याचा नियम वेगळा असतो. तो असा ठेवता येतो: फाइलमधली एकूण जागा ७५ टक्क्यांहून जास्त भरली की एक कप्पा विभागायचा. कुठलाही कप्पा नाही, पॉइंटर ज्यावर आहे तोच.

मग जो कप्पा आज भरलाय त्याचं काय? त्याच्यामागे एक जास्तीचं पान जोडलं जातं. त्याला ओव्हरफ्लो पान म्हणतात. उरलेल्या नोंदी तिथे थांबतात आणि त्या कप्प्याची पाळी आली की त्यांची नीट वाटणी होते.

## आकडे घेऊन एक फेरी पूर्ण करू

प्रत्येक कप्प्यात ३ नोंदी मावतात असं धरू. कप्पे ४ आहेत, म्हणजे एकूण जागा १२. सध्या ९ नोंदी आहेत आणि पॉइंटर ० वर आहे.

- कप्पा ०: ३२, ४४, ३६
- कप्पा १: ९, २५
- कप्पा २: १४
- कप्पा ३: ३१, ३५, ७

१२ पैकी ९ जागा भरल्या आहेत, म्हणजे बरोबर ७५ टक्के. मर्यादा अजून ओलांडलेली नाही.

दहावी नोंद, ४३. ४ ने भागल्यावर बाकी ३. पण कप्पा ३ आधीच भरलेला आहे, म्हणून ४३ ओव्हरफ्लो पानावर जाते. आता १२ जागांवर १० नोंदी, म्हणजे ८३ टक्के. मर्यादा ओलांडली, विभागणी करायची. पॉइंटर ० वर आहे, म्हणून कप्पा ० विभागला जातो, जरी अडचण कप्पा ३ ची असली तरी. कप्पा ० मधल्या तिन्ही क्रमांकांना ८ ने भागू. ३२ ची बाकी ०, ती जागेवर राहते. ४४ आणि ३६ यांची बाकी ४, त्या नव्या कप्पा ४ मध्ये जातात. पॉइंटर १ होतो. कप्पे झाले ५.

अकरावी नोंद, २९. बाकी १. कप्पा १ अजून विभागलेला नाही, म्हणून ती सरळ तिथेच जाते. १५ जागांवर ११ नोंदी, ७३ टक्के. विभागणी नाही.

बारावी नोंद, ५०. बाकी २, कप्पा २ मध्ये गेली. १५ पैकी १२, म्हणजे ८० टक्के. पॉइंटरवरचा कप्पा १ विभागला जातो. ९ आणि २५ यांची ८ ने बाकी १, त्या राहतात. २९ ची बाकी ५, ती नव्या कप्पा ५ मध्ये जाते. पॉइंटर २ होतो.

इथे क्षणभर थांबून फाइलकडे पाहू.

- कप्पा ०: ३२
- कप्पा १: ९, २५
- कप्पा २: १४, ५०
- कप्पा ३: ३१, ३५, ७ (ओव्हरफ्लो पानावर ४३)
- कप्पा ४: ४४, ३६
- कप्पा ५: २९

कप्पे ६ आहेत, पण ६ ने कोणालाच भागलेलं नाही. कप्पा ० आणि १ आणि त्यांच्यापासून निघालेले ४ आणि ५ हे ८ च्या हिशोबाने चालतात. कप्पा २ आणि ३ मात्र अजून ४ च्याच हिशोबाने. एकाच फाइलमध्ये एकाच वेळी दोन नियम चालू आहेत आणि त्यांच्यामधली सीमारेषा म्हणजे पॉइंटर.

तेरावी नोंद, ६६. बाकी २, कप्पा २ मध्ये. १८ पैकी १३, ७२ टक्के. विभागणी नाही.

चौदावी नोंद, ३७. ४ ने भागल्यावर बाकी १. पण १ हा पॉइंटरच्या मागे पडलेला, म्हणजे विभागून झालेला कप्पा आहे. म्हणून ८ ने भागून पाहायचं. बाकी ५, कप्पा ५ मध्ये. १८ पैकी १४, म्हणजे ७८ टक्के. आता कप्पा २ ची पाळी. ५० आणि ६६ राहतात, १४ ची बाकी ६ असल्यामुळे ती नव्या कप्पा ६ मध्ये जाते. पॉइंटर ३ होतो.

पंधरावी नोंद, १०, कप्पा २ मध्ये जाते. २१ पैकी १५, ७१ टक्के.

सोळावी नोंद, २२, कप्पा ६ मध्ये जाते. २१ पैकी १६, म्हणजे ७६ टक्के. आता अखेर पॉइंटर कप्पा ३ वर आहे. त्यातल्या आणि ओव्हरफ्लो पानावरच्या मिळून चार नोंदी घेऊ. ३५ आणि ४३ यांची ८ ने बाकी ३, त्या राहतात. ३१ आणि ७ यांची बाकी ७, त्या नव्या कप्पा ७ मध्ये जातात. ओव्हरफ्लो पान रिकामं झालं.

कप्पे ४ चे ८ झाले आणि फेरी संपली. पॉइंटर पुन्हा ० वर. यापुढे मूळ भाजक ८ आणि विभागणीचा भाजक १६.

या सगळ्यात ४३ ही नोंद दहाव्या पायरीपासून सोळाव्या पायरीपर्यंत जास्तीच्या पानावर थांबली होती. तेवढ्या काळात तिला शोधणाऱ्याला एकाऐवजी दोन पानं वाचावी लागली असती. लिनिअर हॅशिंगने मोजलेली किंमत एवढीच. त्याच्या बदल्यात एकाही नोंदीला सगळी फाइल हलेपर्यंत थांबावं लागलं नाही. प्रत्येक विभागणीत जास्तीत जास्त चार नोंदी हाताळल्या गेल्या.

## पत्ता शोधायला दोन आकडे पुरतात

वरच्या उदाहरणात जे चाललं होतं ते दोन ओळींत लिहिता येतं. फेरीच्या सुरुवातीला असलेल्या कप्प्यांची संख्या `n` आणि पॉइंटर `p` धरला तर:

```
b = h mod n
if b < p:  b = h mod (2*n)
```

आधी लहान भाजकाने बाकी काढायची. ती पॉइंटरपेक्षा लहान असेल तर तो कप्पा विभागून झालेला आहे, म्हणून दुप्पट भाजकाने पुन्हा बाकी काढायची. नसेल तर पहिलंच उत्तर बरोबर.

पॉइंटर २ वर असतानाची फाइल घेऊन हे तपासता येतं. ४४ शोधायची असेल तर ४ ने बाकी ०. हा आकडा २ पेक्षा लहान, म्हणून ८ ने भागू, बाकी ४. नोंद खरोखर कप्पा ४ मध्ये आहे. ३१ शोधायची तर ४ ने बाकी ३. हा आकडा २ पेक्षा लहान नाही, म्हणून कप्पा ३. तीही तिथेच आहे.

भरलेलाच कप्पा आधी का विभागत नाहीत, याचं उत्तर इथे मिळतं. दहाव्या नोंदीच्या वेळी कप्पा ३ विभागला असता तर नवा कप्पा ७ तयार झाला असता, पण ४, ५ आणि ६ अस्तित्वातच नसते. मग कुठले कप्पे विभागले गेले आणि कुठले नाहीत, हे कुठेतरी लिहून ठेवावं लागलं असतं. ते लिहून ठेवणं म्हणजेच डिरेक्टरी. विभागणी ठरलेल्या क्रमानेच होत असेल तर मात्र ‘पॉइंटरच्या अलीकडचे सगळे झाले, पलीकडचे सगळे बाकी’ एवढं माहीत असणं पुरतं. लाखो कप्प्यांच्या यादीच्या जागी एक आकडा येतो.

क्रमाचा आणखी एक फायदा आहे. नवा कप्पा नेहमी सगळ्यात शेवटी जोडला जातो. आधी ४, मग ५, मग ६. मध्ये भोकं पडत नाहीत.

## रांगेच्या शेवटी गर्दी होतेच

कप्पा ३ भरून वाहिला हा योगायोग होता का? पूर्णपणे नाही.

मोठा आकडा घेऊ. फेरीच्या सुरुवातीला १,००० कप्पे आहेत, प्रत्येकात १०० नोंदी मावतात आणि फाइल सतत ७५ टक्के भरलेली ठेवायची आहे. सुरुवातीला ७५,००० नोंदी, म्हणजे प्रत्येक कप्प्यात सरासरी ७५. फेरी संपता संपता कप्पे जवळपास २,००० होतात आणि नोंदी दीड लाखाच्या घरात जातात. पण जो कप्पा अजून विभागलेला नाही, त्याच्याकडे अजूनही दर हजार नोंदींमागे एक नोंद येतच असते. म्हणजे रांगेतल्या शेवटच्या कप्प्यात सरासरी १५० नोंदी साचतात, तर त्याची क्षमता आहे १००.

म्हणजे हॅश फंक्शनने अगदी समसमान वाटणी केली, तरी रांगेच्या शेवटच्या भागात ओव्हरफ्लो पानं लागणारच. विभागणी झाली की तेच १५० दोन ठिकाणी ७५-७५ होतात आणि गर्दी संपते. फाइल ७५ ऐवजी ५० टक्केच भरलेली ठेवली तर शेवटच्या कप्प्याची सरासरी १०० वर येते, पण मग निम्मी जागा कायम रिकामी ठेवावी लागते. पेर-ओके लार्सन यांनी १९८० सालीच यावर एक सुधारणा सुचवली. तिच्यात कप्पे एका झटक्यात दुप्पट न होता अधल्यामधल्या टप्प्यांनी वाढतात, त्यामुळे आधी विभागलेल्या आणि न विभागलेल्या कप्प्यांमधली तफावत कमी राहते.

## पोस्टग्रेसमध्ये हाच पॉइंटर लपून बसलेला

आज ही पद्धत पाहायची असेल तर पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसचा हॅश इंडेक्स पाहावा. त्याची मूळ कल्पना मार्गो सेल्ट्झर आणि ओझान यिगित यांच्या १९९१ सालच्या शोधनिबंधातून घेतलेली आहे आणि तो निबंध लिनिअर हॅशिंगवर आधारलेला आहे.

पोस्टग्रेसच्या कोडमध्ये स्प्लिट पॉइंटर नावाचा आकडा दिसत नाही. तिथे इंडेक्सच्या पहिल्या पानावर तीन आकडे असतात: `maxbucket`, `highmask` आणि `lowmask`. पत्ता असा काढला जातो:

```c
bucket = hashkey & highmask;
if (bucket > maxbucket)
    bucket = bucket & lowmask;
```

`&` ही खूण इथे बाकी काढण्याचंच काम करते. `& 7` म्हणजे ८ ने भागून बाकी, `& 3` म्हणजे ४ ने भागून बाकी. आपल्या सहा कप्प्यांच्या फाइलला हे लावू. शेवटचा कप्पा ५, म्हणून `maxbucket` ५, `highmask` ७ आणि `lowmask` ३. नोंद ३१ घेतली तर ८ ने बाकी ७ येते. पण कप्पा ७ अजून जन्मालाच आलेला नाही, म्हणून ४ ने बाकी काढायची: ३. बरोबर.

इथे क्रम उलटा आहे. आधी मोठा भाजक, आणि तो कप्पा अस्तित्वात नसेल तरच लहान. उत्तर मात्र तेच येतं. पॉइंटरही हरवलेला नाही. एकूण कप्प्यांमधून फेरीच्या सुरुवातीचे कप्पे वजा केले की तो मिळतो: ६ वजा ४, म्हणजे २.

पोस्टग्रेसमध्ये विभागणीची पाळी ज्या कप्प्याची आहे, तो त्या क्षणी दुसरं कोणी वापरत असेल तर काय होतं? विभागणी तेवढ्यापुरती सोडून दिली जाते आणि पुढची नोंद येते तेव्हा पुन्हा प्रयत्न होतो. त्याला वगळून पुढचा कप्पा घेता येत नाही, कारण एकदा क्रम मोडला की वरचं गणित खोटं ठरेल.

वाचणाऱ्याच्या बाबतीतही एक काळजी घ्यावी लागते. समजा, एखाद्याने जुने आकडे पाहून पत्ता काढला आणि तो कप्प्यापाशी पोचेपर्यंत तो कप्पा विभागला गेला. मग नोंद असूनही ‘नोंद नाही’ असं उत्तर मिळेल. म्हणून पोस्टग्रेस प्रत्येक कप्प्याच्या पहिल्या पानावर, तो कप्पा शेवटचा विभागला गेला तेव्हाचा `maxbucket` लिहून ठेवतं. वाचणाऱ्याकडचा आकडा त्याहून जुना निघाला तर तो पत्ता नव्याने काढतो.

## पॉइंटर कुठे हात टेकतो?

विभागणीने गर्दी पांगते ती नोंदींच्या बाकी वेगवेगळ्या असतील तरच. समजा, ऑर्डरच्या टेबलमध्ये ‘स्थिती’ नावाचा रकाना आहे आणि लाखो ऑर्डरींसमोर ‘पूर्ण’ असा एकच शब्द लिहिलेला आहे. एकाच शब्दापासून एकच आकडा तयार होतो. ४ ने भागा, ८ ने भागा किंवा १,०२४ ने, त्या सगळ्या नोंदी एकत्रच राहणार. पॉइंटर त्या कप्प्यावरून कितीही वेळा गेला तरी ओव्हरफ्लो पानांची शेपटी लांबच राहते. उलट एकूण भरणा वाढत राहिल्यामुळे विभागण्या होत राहतात आणि दुसऱ्या टोकाला रिकामे कप्पे जमा होतात.

हे ओळखायचं कसं? पोस्टग्रेसमध्ये `pgstattuple` हे एक्स्टेन्शन घेतलं की आपल्या इंडेक्सचं नाव देऊन ही क्वेरी चालवता येते:

```sql
SELECT bucket_pages, overflow_pages
FROM pgstathash('orders_status_idx');
```

पहिला आकडा कप्प्यांच्या पानांचा, दुसरा ओव्हरफ्लो पानांचा. थोडी ओव्हरफ्लो पानं दिसणं स्वाभाविक आहे, रांगेच्या शेवटची गर्दी तर होणारच. पण ओव्हरफ्लो पानं कप्प्यांच्या तुलनेत खूप असतील आणि आणखी विभागण्या होऊनही त्यांचं प्रमाण कमी होत नसेल, तर दोष पॉइंटरच्या गतीत नाही. त्या रकान्यात तीच ती मूल्यं पुन्हा पुन्हा येतायत आणि त्यासाठी हॅश इंडेक्स हा पर्यायच चुकीचा आहे.

दुसरी मर्यादा उलट्या दिशेची. नोंदी कमी झाल्या की पॉइंटर एकेक पाऊल मागे नेऊन शेवटचा कप्पा त्याच्या मूळ कप्प्यात परत मिसळता येतो. लिनिअर हॅशिंगच्या गणितात त्याला काहीच हरकत नाही. पोस्टग्रेसमध्ये मात्र ही सोय नाही. निम्म्या नोंदी पुसल्या तरी कप्पे तेवढेच राहतात. ते कमी करायचे तर `REINDEX` ही आज्ञा देऊन सगळा इंडेक्स नव्याने बांधावा लागतो.

म्हणजे वाढताना जे काम हप्त्याहप्त्याने होतं, तेच आकसताना पोस्टग्रेसमध्ये एकरकमी करावं लागतं. मोठ्या प्रमाणावर जुना डेटा काढून टाकणाऱ्यांनी या कामासाठी वेगळा वेळ राखून ठेवलेला बरा.